पाच मोफत, सहाव्याला सत्तावीस रुपये

चाकण, म्हाळुंगे, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बंधू-भगिनींनो, या महिन्यात पासबुक भरून घ्या. एटीएमच्या प्रत्येक कपातीखाली लाल पेनाने रेघ मारा. तुमच्या घामाचा पैसा किती वेळा विसा-पंचविसांनी कापला गेला, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

खाते ठेकेदाराने उघडून दिलेले असते. बँक त्याच्या सोयीची असते आणि त्या बँकेचे मशीन खोलीजवळ नसते. मग पगाराच्या दिवशी आपण जवळच्या दुसऱ्या बँकेच्या मशीनसमोर रांग लावतो. तिथे महिन्याला किमान पाच व्यवहार मोफत मिळतात. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीनच मिळतात, पण पुणे त्या यादीत नाही. खाते लातूरच्या शाखेत असले तरी फरक पडत नाही. मशीन कुठे उभे आहे, त्यावर हिशेब होतो. म्हणून आपल्या पट्ट्यात पाच.

आता हे पाच कुठे जातात ते पाहा. पगार सातला होणार. पाच तारखेला एकदा शिल्लक बघितली, सहाला पुन्हा, सातला सकाळी एकदा आणि शिफ्ट सुटल्यावर एकदा. हे चार व्यवहार झाले. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक पाहणेही मोजले जाते, कारण त्यासाठीही आपल्या बँकेला मशीनच्या मालकाला पैसे द्यावे लागतात. आज तो दर शिल्लक पाहण्याला 7 आणि पैसे काढण्याला 19 रुपये आहे. खोलीभाड्यासाठी पैसे काढले की पाचवा व्यवहार संपला. एक पैसाही जास्त हातात न येता महिन्याच्या चार संधी गेल्या!

पुढे खानावळ, औषध, गावी जायचे भाडे यासाठी पाच वेळा पाचशे-पाचशे काढले. मोफत व्यवहार संपल्यावर बँक प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत घेऊ शकते. ही मर्यादा 1 मे 2025 पासून लागू आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 27 रुपये 14 पैसे. पाच वेळचे झाले 135 रुपये 70 पैसे. पाचशे काढायला शेकडा पाचहून जास्त मोजले. इतक्या व्याजाने गावचा सावकारसुद्धा महिनाभर पैसे वापरायला देईल.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. खात्यात 520 आहेत अशा समजुतीने 500 मागितले, पण मागच्या व्यवहाराचे 27.14 कापले जाऊन 492.86 उरले होते. मशीनने नकार दिला. शिल्लक अपुरी म्हणून झालेल्या नकारालाही अनेक बँका आकार लावतात. तो वीस रुपये धरला तर करासह 23.60. पुन्हा बटण दाबले, पुन्हा 23.60. एका महिन्यात एकूण 182 रुपये 90 पैसे गेले आणि शेवटच्या दोन वेळा हाती एक नोटही आली नाही.

पण प्रत्येक नकाराचे पैसे बँकेला घेता येत नाहीत, हे पक्के लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने 14 ऑगस्ट 2019 ला स्पष्ट केले आहे: मशीनमध्ये नोटा नाहीत, मशीन किंवा लाइन बिघडली, पिन चुकला, अशा कारणांनी फसलेला व्यवहार मोजायचा नाही आणि त्यावर आकारही घ्यायचा नाही. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर शिल्लक पाहणेही मोफत व्यवहारांत धरायचे नाही. म्हणून नकार आला की पडद्यावरचे कारण वाचा. चिठ्ठी आली तर ती फेकू नका, आली नाही तर तारीख, वेळ आणि मशीनची जागा टिपून ठेवा. नोटा नव्हत्या तरी आकार लागला असेल, तर तो परत मागणे हा तुमचा हक्क आहे.

बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. पैसे न मिळता खात्यातून मात्र गेले असतील, तर बँकेने व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत जमा केले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई तुमची. ही भरपाई मागण्याआधीच मिळायला हवी, पण गप्प बसणाऱ्याच्या खात्यात ती बहुधा येत नाही.

शिल्लक पाहायला मशीनकडे जाणे आजपासून बंद करा. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल द्या किंवा यूपीआयमध्ये बघा. पाच वेळा पाचशे काढण्याऐवजी महिन्याचा खर्च जोडून दोन-तीनदाच काढा.

आणि एकट्याने नव्हे, गेटवर एकत्र या. पुढच्या सातला जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने लाल रेघांचे पासबुक आणावे. सगळ्यांची बेरीज एका कागदावर लिहून सह्या करा आणि तो ठेकेदारासमोर ठेवा. मागणी एकच: कारखान्याजवळ ज्या बँकेचे मशीन आहे, त्याच बँकेत आमचा पगार जमा करा.