प्रश्न मोकळा, उत्तर मात्र चौकटीतले

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘रेप्लिट’ या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मदतनिसाने एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना असतानाही हे घडले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि विकासाचा व प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. यंत्राला दिलेली सूचना म्हणजे कुलूप नव्हे, हे या घटनेने दाखवून दिले. व्यवस्थापकांना साध्या भाषेत प्रश्न विचारता यावेत, म्हणून कंपन्या आता आपल्या डेटाबेसला असेच भाषिक प्रारूप जोडू लागल्या आहेत. त्यामुळे कुलूप नेमके कोठे लावायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे.

सर्वांत भरवशाचे उत्तर काहीसे जुन्या वळणाचे आहे. यंत्राला क्वेरी लिहूच द्यायची नाही. जाणकारांनी आधी लिहिलेल्या, तपासलेल्या आणि मंजूर केलेल्या साच्यांपैकी एक निवडायचा आणि त्यातील रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच काम त्याच्याकडे ठेवायचे. समजा, दुकानांच्या एखाद्या साखळीच्या पुणे विभागाच्या व्यवस्थापकाने विचारले, ‘गेल्या महिन्यात सर्वाधिक परत आलेला माल कोणता?’ त्यासाठीचा साचा असा असेल :

```sql
SELECT product_name, SUM(qty) AS returned
FROM v_returns
WHERE region = :region
  AND return_date >= :from_date
  AND return_date < :to_date
GROUP BY product_name
ORDER BY returned DESC
LIMIT 10;
```

प्रारूप येथे साच्याचे नाव आणि दोन तारखा एवढेच परत देते. त्या तारखा खऱ्या आहेत काय, कालावधी एका वर्षाहून अधिक तर नाही ना, हे साधा प्रोग्रॅम तपासतो. विभागाचे नाव मात्र प्रश्नातून घेतलेच जात नाही, ते व्यवस्थापकाच्या लॉगिनवरून भरले जाते. त्यामुळे पुण्याच्या व्यवस्थापकाने कितीही चातुर्याने विचारले तरी नागपूरचे आकडे बाहेर पडत नाहीत. भरलेली मूल्ये डेटाबेसकडे क्वेरीपासून वेगळी पाठवली जातात. एखाद्याने त्या जागी `DROP TABLE` असे काही घुसडले, तरी डेटाबेस त्याला आज्ञा न मानता निव्वळ मजकूर मानतो. शिवाय ज्या खात्यातून क्वेरी चालते, त्याला `v_returns` सारखी मोजकी दृश्ये केवळ वाचण्याची परवानगी असते. साचा चुकीचा लिहिला गेला तरी पुसण्याचा अधिकारच नसल्याने काही पुसले जात नाही.

येथवर सुरक्षितता झाली. पण सुरक्षित उत्तर बरोबर असेलच असे नाही, आणि या पद्धतीची खरी कसोटी तेथेच आहे. वरचा साचा परत आलेले नग मोजतो. दहा हजार विकल्या गेलेल्या वस्तूचे २०० नग परत आले आणि शंभरच विकल्या गेलेल्या वस्तूचे ६० परत आले, तर यादीत पहिली वस्तू वर दिसेल. सदोष मात्र बहुधा दुसरी आहे. व्यवस्थापकाच्या मनात संख्या होती की प्रमाण, हे त्याच्या वाक्यावरून कळत नाही. क्वेरी निमूटपणे चालते आणि आकडे नीटनेटके दिसतात. चुकीचा माल मागे घेतला गेल्यावरच घोटाळा उघड होतो. ‘या वर्षी’ म्हणजे जानेवारीपासून की एप्रिलपासून, हा आपल्याकडचा नेहमीचा पेचही याच जातीचा.

यावरचा उपाय फार हुशारीचा नाही. प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर वापरलेल्या साच्याचा अर्थ सरळ मराठीत छापायचा : ‘पुणे विभाग, १ ते ३१ मार्च, परत आलेल्या नगांच्या संख्येनुसार.’ दोन साचे सारखेच जुळत असतील तर यंत्राने अंदाज न बांधता व्यवस्थापकाला विचारायचे. एकही जुळत नसेल तर सरळ ‘याचे उत्तर उपलब्ध नाही’ असे सांगायचे. कंपन्यांना हा नकार लाजिरवाणा वाटतो आणि त्या जवळपासचा साचा खपवू पाहतात. तो मोह सर्वांत महागात पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे नाकारलेले प्रश्न नोंदवून ठेवले तर नवे साचे कोणते हवेत, ते त्यांतूनच कळते. मात्र साचा मंजूर करणाऱ्याने क्वेरी चालते की नाही एवढेच पाहून भागत नाही. ‘विभागाचा सरासरी पगार’ हा साचा वरकरणी निरुपद्रवी आहे, पण विभागात एकच कर्मचारी असेल तर तो त्याचा पगारच उघड करतो. म्हणून अशा साच्यात किमान पाच व्यक्ती असल्याशिवाय उत्तर न देण्याची अट क्वेरीतच लिहावी लागते. तीन जणांच्या शाखेच्या व्यवस्थापकाला मग तेथे आकड्याऐवजी नकारच वाचावा लागेल.