पेन्शन विकत घ्यायची की पुंजीतून काढत जायचे?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून एखादा कामगार ५८व्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम खात्यात दिसते. पुढच्या आठवडाभरात दोन माणसे घरी येऊन जातात. एक विमा एजंट, तो म्हणतो, ‘पैसे भरा, मरेपर्यंत पेन्शन घ्या.’ दुसरा म्युच्युअल फंडाचा वितरक, त्याचे म्हणणे, ‘पैसे फंडात ठेवा आणि एसडब्ल्यूपी लावा. दरमहा ठरलेली रक्कम खात्यात येईल, शिवाय मुद्दलही वाढेल.’ दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघेही अर्धेच सांगतात.

‘स्थिर उत्पन्न’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. दरमहा तेवढेच रुपये येणे हा एक अर्थ. दरमहा तेवढाच किराणा, तेवढीच औषधे आणि तेवढाच गॅस घेता येणे हा दुसरा. ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन विकत घेतलेली पेन्शन. ती पहिल्या अर्थाची हमी देते. एसडब्ल्यूपी दुसऱ्या अर्थाचा प्रयत्न करते, पण हमी कसलीच देत नाही.

न वाढणाऱ्या पेन्शनचा अनुभव

हमी आहे पण वाढ नाही, अशा पेन्शनचे काय होते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ईपीएस-९५ योजनेची पेन्शन एकदा ठरली की तिला महागाई भत्ता लागत नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. ती ७,५०० रुपये करून वर महागाई भत्ता द्यावा, या मागणीसाठी बुलढाण्यातून सुरू झालेले पेन्शनधारकांचे आंदोलन दिल्लीपर्यंत गेले. या पेन्शनधारकांची पेन्शन बंद पडलेली नाही. दर महिन्याला ती येते, फक्त बाजारात तिची किंमत उरत नाही. बाजारातली साधी ॲन्युइटीही स्वभावाने तशीच आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर १२ वर्षांत रुपयाची ताकद निम्मी होते.

एका घराचा हिशेब

समजा, नवरा ५८ वर्षांचा, बायको ५४ची. घर स्वतःचे, कर्ज नाही. हातात ४० लाख रुपये. ईपीएसची पेन्शन दरमहा ४,५००. घरखर्च आज २०,००० आणि तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो. पुढच्या हिशेबासाठी दोन गृहीतके आहेत. दोघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत तेवढीच रक्कम देणाऱ्या आणि मुद्दल परत न करणाऱ्या ॲन्युइटीचा दर ७ टक्के, तर फंडातला परतावा वर्षाला ८ टक्के. प्रत्यक्ष दर खरेदीच्या दिवशी आणि वयाप्रमाणे बदलतात, त्यामुळे येथे आकड्यांपेक्षा त्यांची चाल महत्त्वाची.

सगळे ४० लाख ॲन्युइटीत घातले, तर दरमहा सुमारे २३,३०० रुपये मिळतील. ईपीएस धरून २७,८००. पहिली पाच-सहा वर्षे खर्च भागून पैसे उरतील. ६४ व्या वर्षी खर्च उत्पन्नाला गाठेल. ७० व्या वर्षी खर्च ४०,००० वर गेलेला असेल आणि उत्पन्न मात्र तेच २७,८००. मधल्या काळात मोठे आजारपण आले, तर हात घालायला पुंजीच उरलेली नाही.

आता सगळे ४० लाख फंडात ठेवून एसडब्ल्यूपी लावली, तर ईपीएस वगळता जेवढे कमी पडते तेवढे दरवर्षी काढायचे. पहिल्या वर्षी १ लाख ८६ हजार, पुढे महागाईप्रमाणे जास्त. ६३व्या वर्षी शिल्लक ४५ लाखांवर, ६८ व्या वर्षी ४७ लाखांवर. दहा वर्षे पैसे काढूनही मुद्दल वाढलेलेच दिसते. ‘हे कधी संपणारच नाही’ असे वाटू लागते आणि नेमके याच सुमारास नातवाच्या शिक्षणाला किंवा मुलाच्या गाडीला चार-पाच लाख सहज दिले जातात. पण उतार सुरू झाला की वेग धरतो. ७३व्या वर्षी ४२ लाख, ७८ व्या वर्षी २५ लाखांच्या आत आणि ८१ व्या वर्षी फंड रिकामा.

८१ व्या वर्षी नवरा असेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण बायको तेव्हा ७७ची असेल आणि नवरा नसेल तर तिच्या हाती ईपीएसची निम्मी पेन्शन, म्हणजे २,२५० रुपये असतील. या विषयातला खरा प्रश्न तिचा आहे. निवृत्तीचे नियोजन बहुतेक घरांत पुरुषाच्या वयावर होते, पैसे मात्र तिच्या म्हातारपणी संपतात.

सरासरीवर भरवसा नको

हा हिशेबही सोयीचा आहे, कारण त्यात दरवर्षी ठरलेले ८ टक्के मिळतात. बाजार तसा चालत नाही. फंडात ४० लाख आहेत आणि दरवर्षी सुरुवातीला २ लाख काढायचे आहेत, असे समजा. चार वर्षांचे परतावे उणे २०, उणे ५, अधिक २० आणि अधिक ३० टक्के. या क्रमाने चार वर्षांनी ३६ लाख ३७ हजार उरतात. तेच परतावे उलट क्रमाने, म्हणजे चांगली वर्षे आधी आली, तर ४० लाख ११ हजार उरतात. सरासरी तीच, काढलेली रक्कमही तीच, तरीही फरक पावणेचार लाखांचा. एक रुपयाही काढला नसता, तर दोन्ही वाटांनी रक्कम सारखीच झाली असती.

कारण साधे आहे. बाजार पडलेला असताना तेच २ लाख उभे करायला जास्त युनिट विकावी लागतात आणि विकलेले युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. एसआयपी करताना मंदी मदतीला येते, एसडब्ल्यूपीत तीच मंदी पुंजी पोखरते. म्हणून निवृत्तीची पहिली पाच-सात वर्षे सर्वांत नाजूक. या काळासाठी दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवला, तर पडत्या भावात युनिट विकायची वेळ येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यासाठी चांगली आहे. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांनाही निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत तिचे खाते उघडता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते.

‘मुद्दल परत’ची किंमत

मग ॲन्युइटी घ्यायची कशाला? कारण एक काम तिच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही योजनेला जमत नाही. विमा कंपनी हजारो लोकांचे पैसे एकत्र करते. जे लवकर जातात त्यांचा उरलेला वाटा जे दीर्घकाळ जगतात त्यांच्या पेन्शनला लागतो. म्हणूनच ९५ वर्षे जगणाऱ्यालाही पेन्शन मिळत राहते. एकट्या माणसाला आपल्या पुंजीतून हे साधत नाही. आपण किती जगणार हे त्याला ठाऊक नसते.

पण ‘मृत्यूनंतर वारसाला मुद्दल परत’ हा पर्याय निवडला की या गुणावरच पाणी पडते. मुद्दल परत द्यायचे असल्याने कंपनी जवळपास त्या मुद्दलाचे व्याजच पेन्शन म्हणून देते आणि दर कमी मिळतो. ते आजन्म दर बांधून दिलेल्या ठेवीसारखे होते. एजंट हाच पर्याय आधी पुढे करतात, कारण ‘पैसे बुडतील’ ही भीती त्याने लगेच जाते. मुलांसाठी काही ठेवायचे असेल तर ते फंडात किंवा ठेवीत ठेवावे. पेन्शन घ्यायची ती पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत पूर्ण रक्कम देणारी आणि मुद्दल परत न करणारी. जोडीदाराला पेन्शन निम्मी होणार की पूर्ण राहणार, ही ओळ प्रस्तावात स्वतः वाचावी.

पंधरा आणि पंचवीस

त्याच घराने ४० पैकी १५ लाखांची अशी संयुक्त ॲन्युइटी घेतली, तर दरमहा ८,७५० रुपये येतील. ईपीएस धरून १३,२५०. रेशन, वीज, गॅस आणि नेहमीची औषधे यांचा आजचा खर्च त्यात बसतो. उरलेले २५ लाख फंडात आणि बचत योजनेत ठेवून वाढत्या महागाईचा भार त्यांच्यावर टाकला, तर आधीच्याच गृहीतकांनी ही पुंजी ७९ व्या वर्षी संपते. म्हणजे सगळे फंडात ठेवण्यापेक्षा दोन वर्षे आधी. या दोन वर्षांच्या बदल्यात काय मिळाले? पुंजी संपल्यावरही दोघांपैकी जो उरेल त्याला शेवटपर्यंत ८,७५० रुपये आणि बाजार पहिल्याच वर्षी कोसळला तरी न हलणारा एक पाया. हा सौदा महाग नाही.

ॲन्युइटी ५८व्या वर्षीच घ्यायला हवी असेही नाही. वय वाढेल तसा दर वाढतो, कारण कंपनीला कमी वर्षे पेन्शन द्यावी लागते. प्रकृती चांगली असेल, तर थोडी आता आणि थोडी ६८-७० च्या सुमारास घेणे शहाणपणाचे. अट एकच, थांबवलेले हे पैसे शेअर बाजारात नकोत. प्रकृती तोळामासा असेल, तर एकट्याच्या नावावरची ॲन्युइटी तोट्याची ठरू शकते. अशा वेळी दर जोडीदाराच्या वयाचा विचार करून पाहावा.

उरलेल्या एसडब्ल्यूपीवर वर्षातून एकदा नजर टाकली तरी पुरे. सुरुवातीलाच ६३, ६८ आणि ७३ व्या वर्षी किती शिल्लक असायला हवी, हे वहीत लिहून ठेवावे. शिल्लक त्यापेक्षा मागे पडली, तर त्या वर्षी काढायची रक्कम वाढवू नये. पुढे असली, तर तो नफा समजून वाटू नये. कागलच्या त्या घरात ६८ व्या वर्षी दिसणारे ४७ लाख हे वाढलेले धन नाही. ते बायकोच्या ७५व्या, ८०व्या वर्षाचे रेशन आहे.