मागे राहिल्याचा हिशेब

भडगावात, आणि भडगावातच कशाला, गिरणेच्या दोन्ही तीरांवरील कोणत्याही मोठ्या गावात, एखादा मुलगा फौजदार झाला किंवा तलाठी म्हणून रुजू होण्याचा हुकूम त्याच्या हाती पडला, की दुसऱ्या दिवशी चौकात त्याच्या छायाचित्राचा भव्य फलक झळकतो, संध्याकाळी उघड्या जीपमधून वाजतगाजत मिरवणूक निघते आणि ज्या मास्तरांनी त्याला कधीकाळी वर्गाबाहेर उभे केले होते तेच त्याला शाल पांघरतात. हा सोहळा योग्यच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या मिरवणुकीत जो रीतसर गुलाल लावून घेतो, मित्राला मिठी मारतो, आणि घरी परतल्यावर चार दिवस ज्याला अन्न गोड लागत नाही, असा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा एक इसम प्रत्येक मिरवणुकीत असतो, आणि या आठवड्याचे टिपण त्याच्याविषयी आहे.

त्याचा तपशील सर्वांच्या परिचयाचा आहे. पदवी झाली, कजगावच्या स्थानकावरून गाडी धरून तो पुण्यास गेला, सदाशिव पेठेतील खोलीत चौघांत एक खाट आणि एक कपाट वाट्यास आले, अभ्यासिकेतील खुर्चीचे भाडे दरमहा भरले, आणि दोन-तीन वर्षांनी घरचा कापूस त्या खर्चाला पुरेनासा झाला तेव्हा पुस्तकांची खोकी घेऊन तो तालुक्याच्या अभ्यासिकेत परत आला. आता रस्त्यात भेटणारा प्रत्येक वडीलधारा त्याला एकच विचारतो, ‘काय करी राह्यना रे भाऊ आते?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते; पण उत्तर देणाऱ्याच्या मनात त्याचे जाबजबाब रात्रभर चालू राहतात. समवयस्क पुढे गेले, आपण मागे राहिलो, ही त्याची भावना. अमेरिकेत ॲलेक्झांड्रा रॉबिन्स आणि ॲबी विल्नर या दोघींनी २००१ साली ग्रंथ लिहून या वयातील अस्वस्थतेला आयुष्याच्या पहिल्या चतुर्थांशातील पेचप्रसंग असे रूढ नाव मिळवून दिले. तिकडच्या तरुणाचा पेच पुष्कळ वाटांपैकी कोणती धरावी असा असेल. आमच्याकडे वाट एकच आहे आणि तिच्यावर रांग आहे, एवढा फरक ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मागे म्हणजे कशाच्या मागे, हा प्रश्न हा तरुण स्वतःला सहसा विचारीत नाही. शिकागो विद्यापीठातील बर्निस न्यूगार्टन या विदुषीने १९६० च्या दशकात असे दाखवून दिले, की नोकरी, विवाह, अपत्य यांची योग्य वये प्रत्येक समाज मनोमन मुक्रर करून ठेवतो आणि त्या अलिखित वेळापत्रकाशी माणूस आपले आयुष्य ताडून पाहत असतो. तिने त्याला सामाजिक घड्याळ म्हटले. आमच्या घराघरांतले हे घड्याळ वडिलांच्या पिढीने लावलेले आहे. त्या पिढीत बारावीनंतर दोन वर्षांचे डी. एड. केले, की विशीच्या उंबरठ्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळण्याची बऱ्यापैकी शाश्वती असे, आणि नेमणुकीच्या पाठोपाठ सोयरीक जुळून पंचविशीच्या आत संसार थाटला जाई. पुढे डी. एड. विद्यालये इतकी निघाली की पदविकाधारकांची संख्या जागांच्या अनेक पटींनी वाढली, २०१२ नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ गोठली, आणि ती वाट बुजली. घड्याळ मात्र भिंतीवर तेच राहिले. ज्या शिरस्त्याने काका बाविसाव्या वर्षी गुरुजी झाले तो शिरस्ता मोडून एक तप लोटले, तरी पुतण्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षाची मोजणी काकांच्या बाविसाव्या वर्षापासूनच होते.

आता या तरुणाची गेलेली वर्षे खरोखर कोठे गेली, याचा जमाखर्च मांडून पाहू. त्याचा जन्म १९९८ चा समजा. २०१९ साली तो पदवीधर झाला आणि त्याच वर्षअखेर निघालेल्या राज्यसेवेच्या जाहिरातीस अनुसरून त्याने अर्ज भरला. पूर्वपरीक्षेची तारीख होती ५ एप्रिल २०२०. टाळेबंदी आली, तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, १४ मार्च २०२१ ही तारीखही ऐन तोंडावर रद्द होताच पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी ती परीक्षा झाली. मुख्य परीक्षा आणि मुलाखती उरकून अंतिम यादी २०२२ च्या एप्रिलमध्ये लागली. म्हणजे एकविसाव्या वर्षी भरलेल्या एका अर्जाचा निकाल त्याला चोविशीच्या सुमारास कळला, आणि जागा होत्या दोनशे. त्यानंतर मुख्य परीक्षेचे स्वरूपच वर्णनात्मक करण्याचे ठरले. तो बदल प्रथम २०२३ पासून अमलात यावयाचा होता, पुन्हा आंदोलन झाले, आणि अंमल २०२५ वर गेला. पर्यायांतून उत्तर निवडण्याची सवय ज्याने पाच वर्षे घोटली त्याने सत्ताविसाव्या वर्षी निबंध लिहिण्याचा श्रीगणेशा करावयाचा, असा त्याचा अर्थ. या सहा-सात वर्षांत आळसाची काही पाने निघतील, नाही असे नाही. पण दोनेक वर्षे तरी अशी आहेत की ती कोणाच्याही खात्यावर नावे टाकता येणार नाहीत, आणि ती त्याच्या एकट्याची नसून त्याच्या संपूर्ण वयोगटाची आहेत.

विवाहाची गोष्ट याहून गणिती आहे. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटाची जी मुले मोजली गेली तीच आज पंचविशी ते तिशीच्या दरम्यान आहेत, आणि त्या गणनेत जळगाव जिल्ह्यात या वयोगटातील हजार मुलांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. परिचय मेळाव्यात मुलांच्या बायोडाट्यांची थप्पी जाड आणि मुलींची पातळ का, याचे उत्तर सोनोग्राफीच्या यंत्राने त्या वर्षीच लिहून ठेवलेले होते. गावातल्या गावात सर्वांनी एकमेकांच्या पसंतीस पडावयाचे ठरविले, तरी हजारांतील शंभराहून अधिक वरांसाठी त्याच वयोगटात वधू नाही. आणि प्रत्यक्षात मुली जिल्ह्याबाहेरही जातात. त्यातच ज्यांच्या घरी मुलगी आहे ते प्रथम नोकरी विचारतात, नंतर शेती. म्हणून परीक्षेचा निकाल लांबला की लग्नही लांबते. एका कारणाने घडलेला उशीर मनात दोन पराभवांच्या नावाने नोंदला जातो. मुलीचे दुःख निराळे आहे. संख्या कमी म्हणून तिला मुभा अधिक मिळाली, असा कोणाचा समज असेल तर तो फोल आहे. तिचे घड्याळ चार वर्षे पुढे लावलेले असते, आणि पुण्यात चांगली नोकरी करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीविषयीही बस्त्याच्या दुकानात पहिले वाक्य ‘अजून जमलं नाही का?’ हेच निघते.

येथे कोणी म्हणेल, की उशीर सर्वांनाच झाला असेल तर दुःखही वाटले जाऊन हलके व्हावयास हवे. तसे का होत नाही, याचे मला पटलेले उत्तर एका जुन्या लष्करी पाहणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांच्या मनोवृत्तीचा अभ्यास केला आणि तो १९४९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लष्करी पोलिसांत बढती क्वचित मिळे, हवाई दलात ती भराभर मिळे. आणि तरीही बढतीच्या पद्धतीविषयी अधिक असंतोष आढळला तो हवाई दलात. ज्या दलात कोणीच वर चढत नाही तेथे शिपाई राहिलेल्याला आपले काही चुकले असे वाटत नाही. जेथे शेजारचा आज नाईक आणि उद्या हवालदार होतो तेथे जागच्या जागी राहिलेल्याला तीच जागा टोचू लागते. हेच माप आमच्या गावांना लावून पाहा. ज्या खेड्यातून एकही मुलगा कधी अधिकारी झाला नाही तेथील तरुण गरिबीने गांजतील, कर्जाने वाकतील, पण मागे राहिल्याच्या भावनेने बहुधा होरपळणार नाहीत. ज्या गावाने पाच फौजदार दिले तेथील उरलेल्या पन्नासांचे मन सर्वांत जड असावयाचे. आणि तेथेच चौकातला फलक सर्वांत मोठा असतो.

त्यावर भर घालणारी आणखी एक चूक आहे, ती मोजणीतली. दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट घ्या. साठ जणांच्या त्या गटात वर्षभरात एकाची नेमणूक झाली, दुसऱ्याचा साखरपुडा, तिसऱ्याने हडपसरला सदनिका घेतली, चौथ्याने मोटार, पाचव्याला मुलगा झाला, सहावा कंपनीतर्फे जर्मनीस गेला. ही सहा निरनिराळी आयुष्ये आहेत. मोटारवाल्याचे कदाचित लग्न मोडले असेल आणि सदनिकावाला हप्त्यांच्या ओझ्याने रात्री जागत असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात त्या सहांची बेरीज होऊन नोकरी, बायको, घर, गाडी, मूल आणि परदेश एकाच वर्षात मिळविणारा एक काल्पनिक वर्गमित्र उभा राहतो, आणि आपला तरुण स्वतःला त्या अस्तित्वातच नसलेल्या इसमाशी ताडून पाहतो. उरलेले चौपन्न जण गप्प असतात, कारण कळविण्यासारखे काही घडले नाही अशी बातमी कोणी कळवीत नाही. आणि त्या चौपन्नांपैकी बहुतेक जण गप्प बसणारा आपण एकटाच आहोत असे मानून चाललेले असतात.

अशा ठिकाणी साने गुरुजींचे उदाहरण देण्याची आमच्या खानदेशात वहिवाट आहे. अमळनेरच्या शाळेतील चांगली चाललेली नोकरी त्यांनी १९३० साली, तिशीत, सोडली, हे मलाही ठाऊक आहे. परंतु मागे राहिल्याने खचलेल्या मुलापुढे थोरामोठ्यांचे चरित्र धरणे म्हणजे ज्याच्याशी तुलना करावयाची असा आणखी एक इसम त्याच्या यादीत घालणे होय, म्हणून मी ते टाळतो.

तुलना सर्वस्वी टाकता येत नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस आपली योग्यता जोखण्यासाठी इतरांकडे वळतो तो विशेषतः निर्विकार असे माप हाताशी नसते तेव्हा. या तरुणाजवळ तसे माप आहे आणि ते त्याच्या कपाटात पडून आहे. पूर्वपरीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका आता केवळ पात्रतेपुरती उरल्याने निवड ठरते ती पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या दोनशे गुणांवर. गेल्या तीन परीक्षांतील आपले गुण आणि त्या त्या वर्षीची पात्रतेची सीमारेषा त्याने एका कागदावर शेजारी शेजारी लिहावी. अंतर दरसाल कमी होत असेल तर गावात कोणाची मिरवणूक निघाली याचा त्याच्या प्रयत्नांशी संबंध नाही. अंतर तेवढेच राहिले असेल, तर चौथ्या प्रयत्नात काय बदलणार आहे हे त्याला सांगता आले पाहिजे, आणि ते सांगता येत नसेल तर वाट बदलण्याचा विचार त्याने याच वर्षी करावा. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ साली तेहतीसवरून अडतीस वर्षांवर नेली गेली, ती अनेकांना वरदान वाटली. मला ती संमिश्र वाटते. पूर्वी जो निर्णय मुदतीने करवून घेतला जाई तो आता तरुणाला स्वतः करावा लागतो, आणि घरी बसून तो पुढे ढकलण्यास पाच वर्षे अधिक मिळतात.

वडीलधाऱ्यांनीही एक कागद समोर ठेवावा. आज दहावी-बारावीत असलेली मुले २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतली म्हणून मोजली गेली आहेत, आणि त्या गणनेत जळगाव जिल्ह्यातील हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण साडेआठशेच्याही खाली घसरले होते. ही मुले अठ्ठावीस वर्षांची होतील तेव्हा त्यांच्यातील अविवाहितांची संख्या आजच्याहून अधिक असेल. त्यांच्यापैकी कोणी गुरुजी होईल, कोणी केळी लावील, कोणी पुण्यास जाऊन परत येईल. त्यांची वये मोजताना काकांचे बाविसावे वर्ष दप्तरातून बाहेर काढावयाचे की नाही, हे ठरविण्यास आपल्या हाती अजून दहा-बारा वर्षे आहेत.