फेकण्याआधी एक प्रश्न विचारा!

प्लेसमेंटच्या मुलाखतीत हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी भेटणारच. आकडे एकेक करून येत राहतात, आणि प्रत्येक वेळी आतापर्यंतचा तिसरा सर्वांत मोठा आकडा सांगायचा. ‘सगळे साठवू आणि सॉर्ट करू,’ असं पटकन तोंडात येतं. पण हवेत तीनच, मग दहा लाख आकडे सांभाळायचे कशाला?

पाठ केलेलं उत्तर असतं, ‘तीनच्या आकाराचा मिन हीप.’ उत्तर बरोबर आहे. पण मोठे आकडे हवेत तर मॅक्स हीप का नको? इथे भलेभले अडखळतात.

गॅदरिंगमधली क्विझ डोळ्यांसमोर आणा. गुण आले ६२, ४८, ७५. हे तिघं आपल्या खोलीत बसले. मिन हीपमध्ये सगळ्यांत लहान आकडा कायम वर, म्हणजे दारातच असतो. दारात ४८, आणि तोच तिसरा क्रमांक. मग आला ४०. तो दारातल्यापेक्षा लहान, म्हणून आल्या पावली परत. त्यानंतर आला ७०. आता ४८ बाहेर, ७० आत आणि दारात ६२. पुढे ६५ आला, तेव्हा ६२ गेला आणि दारात ६५ उभा राहिला. म्हणजे दारात उभा असलेलाच उत्तर असतो आणि बाहेर जायची पाळीही त्याचीच असते. मॅक्स हीपमध्ये दारात ७५ असता आणि बाहेर कोणाला काढायचं ते शोधत बसावं लागलं असतं.

हे स्वस्तही आहे. तीनाऐवजी शंभर ठेवले तरी नव्या आकड्याला जागेवर बसायला फार तर सहा-सात पायऱ्या लागतात, मग आकडे कितीही येवोत. पायथॉनमध्ये `heap[0]` म्हणजे दारातला आकडा, आणि `heapq.heapreplace` ही अदलाबदल एका फटक्यात करतं.

पण माझं म्हणणं पुढेच आहे. ही युक्ती चालते, कारण ती विसरते. समजा, परीक्षकांनी ७५ वाला स्पर्धक बाद केला. आता तिसरा क्रमांक ६२ चा, पण त्याला आपण केव्हाच घालवून दिलं! हीपमध्ये उरले ६५ आणि ७० हे दोघंच. प्रोग्राम तरीही दारातला ६५ बिनदिक्कत तिसरा म्हणून सांगेल. एररही येणार नाही, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. हीपमध्ये तीनपेक्षा कमी आकडे उरलेत का, हे तपासलं तरच ती कळेल.

म्हणून कोड लिहायला घेण्याआधी समोरच्याला विचारा, ‘आलेला आकडा नंतर रद्द होऊ शकतो का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर बिनधास्त फेका. ‘हो’ असेल, तर सगळे आकडे जपावेच लागतील, आणि तिथे हा छोटा हीप पुरणार नाही. हीप तर सगळेच पाठ करतात, हा प्रश्न फार थोडे विचारतात.