संपत्ती कर: आपल्या तीन एकरांवर, की त्यांच्या तिजोरीवर?



मोठ्या धनवंतांवर पुन्हा संपत्ती कर लावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घ्यावी का, यावर गावोगावच्या बैठकांत बोलणं चाललं आहे. बोलणं निघालं की कोणीतरी विचारतोच, "आपली पट्ट्याची जमीनबी त्यात मोजतीन का?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय आपण ठरावावर अंगठा मागणार नाही.

आधी एक घोळ काढू. ग्रामपंचायत घेते ती घरपट्टी. तिच्या पावतीवर ‘मालमत्ता कर’ असं छापलेलं असतं, पण आपण बोलतो तो कर हा नव्हे. समजा घर तीन लाखांचं आणि त्यावर दोन लाखांचं कर्ज आहे. घरपट्टी पूर्ण घरावर लागते, कर्ज कोणी विचारत नाही. संपत्ती कर निव्वळ संपत्तीवर असतो, म्हणजे जे आहे त्यातून त्यावरचं देणं वजा करून उरतं तेवढ्यावर. या घराचा एक लाखच धरला जाईल. त्यातही कायद्यात एक मर्यादा असते आणि त्याखालच्या माणसाला काही द्यावं लागत नाही.

हा कर आपल्या देशात होता. निकोलस काल्डोर नावाच्या इंग्लंडमधल्या अर्थतज्ज्ञाने १९५६ साली भारत सरकारला तो सुचवला आणि १९५७ साली कायदा झाला. कारण साधं होतं. एकाच्या घरात किलोने सोनं आहे पण कमाई दाखवत नाही, दुसरा भीक मागतो. मिळकत कराच्या वहीत दोघांची मिळकत शून्य. मग दोघं सारखेच म्हणायचे का?

हा कर शेवटी शेवटी कसा चालायचा ते गोंदिया शहरातल्या एका कल्पित व्यापाऱ्यावर लावून पाहू. त्याचा शहरात ६० लाखांचा रिकामा प्लॉट आहे, २० लाखांची गाडी, ४० लाखांचे दागिने. हातात रोख अडीच लाख, त्यातले पन्नास हजार सोडून दोन लाख धरायचे. बेरीज १ कोटी २२ लाख. प्लॉटसाठी काढलेलं ३२ लाखांचं कर्ज वजा केलं, उरले ९० लाख. त्यातले पहिले ३० लाख माफ. राहिलेल्या ६० लाखांवर शेकडा एक, म्हणजे वर्षाला ६० हजार रुपये.

आता गंमत पाहा. याच व्यापाऱ्याची तीन कोटींची धानाची गिरणी आणि दोन कोटींचे शेअर आहेत. ते या हिशेबात येतच नव्हते. १९९३ पासून शेअर, बँकेतली ठेव, कारखाना हे सगळं ‘उत्पादक’ म्हणून करातून बाहेर काढलं होतं. राहतं एक घरही माफ होतं. म्हणजे जाळं टाकलं, पण मोठे मासे जातील एवढं भोक ठेवून.

मग मासे सापडत नाहीत म्हणून जाळंच फेकून दिलं. २८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटलींनी सांगितलं की २०१३-१४ साली या करातून देशभरातून फक्त १,००८ कोटी रुपये आले, वसुलीचा खर्च जास्त आणि उत्पन्न कमी. कर रद्द झाला. त्याच्या जागी एक कोटीच्या वर मिळकत असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून ९,००० कोटी येतील असं सांगितलं. ऐकायला सौदा फायद्याचा. पण अधिभार मिळकतीवर आहे. ज्याच्याकडे ढीगभर सोनं आणि पडीक प्लॉट आहेत पण मिळकत दाखवत नाही, तो सुटला. दुसरी गोष्ट फार कोणी बोलत नाही. संपत्ती कराच्या पैशातला हिस्सा राज्यांना मिळत होता. अधिभार पूर्ण केंद्राकडे राहतो, राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. आश्रमशाळा आणि दवाखाने राज्य चालवते, हे लक्षात ठेवा.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच खोटं नाही. मोठी अडचण किंमत ठरवण्याची. मिळकत कर सोपा, कारण पैसा हातात आलेला असतो. सोन्याचा भाव रोज छापून येतो, बाजारात विकले जाणारे शेअरही तसेच. पण घरातल्या घरात चालणाऱ्या कंपनीचा हिस्सा कधी विकायलाच निघत नाही, त्याची किंमत कोण सांगणार? मालकाचा माणूस एक कोटी म्हणतो, साहेब तीन म्हणतो, मग वर्षानुवर्षं अपील. दुसरी अडचण रोकड्याची. बाजारपेठेत जुनं मोठं घर आहे, पण एकटी म्हातारी थोड्या पेन्शनवर जगते. तिने दरवर्षी एक टक्का आणावा कुठून? आम्हाला वाटतं, अशा माणसाचा कर घर विकेपर्यंत किंवा वारसाकडे जाईपर्यंत थांबवता येतो. आणि मर्यादा काही कोटींवर ठेवली तर ती म्हातारी बहुतेक बाहेरच राहील. पैसेवाले देश सोडून जातील असंही म्हणतात. काही जातीलही. पण प्लॉट आणि गिरणी उचलून नेता येत नाही, आणि स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंतांच्या देशात हा कर आजही आहे.

आता आपली जमीन. राज्यघटनेच्या यादीत संपत्ती कराच्या नोंदीतून शेतजमीन वगळलेली आहे. तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. १९६९ साली संसदेने कायदा बदलून शेतजमीनही त्यात धरली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकी चौघांनी ते योग्य ठरवलं, तिघांनी नाही. पुढे ८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतजमीन पुन्हा बाहेर काढली. म्हणजे दार लावलेलं आहे, कुलूप नाही.

मर्यादा मोठी असली तर तीन एकरवाला कशाला सापडेल, असं काही साथी म्हणतात. आज ते खरं आहे. पण देवरी, कोहमाऱ्याकडे महामार्गाला लागून जमिनीचे भाव कसे चढले ते आपण पाहतो. सरकारी दरतक्ता शेजारच्या विकाऊ जमिनीवरून भाव लावतो. वनहक्काचा पट्टा कायद्याने वारसाला जातो, पण विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. जी वस्तू कोणी विकत घेऊच शकत नाही तिची बाजारातली किंमत काढायची कशी? सामूहिक वनहक्काचं तर त्याहून अवघड. ते जंगल ग्रामसभेचं आहे, त्यात एका माणसाचा हिस्सा किती हे सांगताच येत नाही. तेंदूच्या हंगामात ग्रामसभेच्या खात्यात पैसा जमतो, तोही मजुरी आणि बोनस होऊन घरोघरी जातो. त्याला एखाद्याची संपत्ती म्हणून धरू नये.

म्हणून आम्ही या मागणीच्या बाजूने आहोत, पण कोऱ्या कागदावर नाही. ठरावात मर्यादा काही कोटींची लिहा. शेअर, कंपनीतले हिस्से आणि ठेवी मोजल्या पाहिजेत हे लिहा, नाहीतर २०१५ सारखंच ‘काहीच मिळत नाही’ म्हणून पुन्हा कर काढतील. येणारा पैसा अधिभार किंवा उपकर या नावाने नको, राज्याला वाटा मिळेल असा कर हवा. आणि ज्या जमिनीची विक्री कायद्याने बंद आहे ती, तसंच ग्रामसभेचं सामूहिक जंगल, कराच्या बाहेर राहील हे कायद्याच्या कलमातच पाहिजे. नियमात किंवा परिपत्रकात नको, कारण परिपत्रक एका सहीने बदलतं. ठराव लिहिताना सचिव ‘मालमत्ता कर’ लिहीत असेल तर तिथेच थांबवा आणि ‘निव्वळ संपत्तीवरील कर’ असे शब्द घालायला लावा. एक प्रत गावाच्या फाईलीत, एक आमच्याकडे पाठवा.