ऑर्डर मिळाली, पण "मान्य" कधी म्हणायचं?

मोठी ऑर्डर आली की घरात पेढे वाटले जातात आणि ग्राहकाला "धन्यवाद, ऑर्डर मान्य" अशी एका ओळीची मेल जाते. पेढे जरूर वाटा, मेल मात्र थोडी थांबवा.

बेळगावात उद्यमबागेत माझ्या मामेभावाचं मशीन शॉप आहे. त्याच्या ऑर्डरींची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहून दिलाय, म्हणून प्रत्येक पीओ आधी माझ्या नजरेखालून जाते. यंदा एका पंप कंपनीची 2,400 बेअरिंग हाउसिंगची ऑर्डर आली. दादा खूश! पण तिसऱ्या पानावरचं वेळापत्रक म्हणत होतं, जून ते ऑक्टोबर दरमहा 400 नग. पाच महिन्यांचे झाले 2,000. मग उरलेले 400 कधी? कास्टिंग तर सगळ्याचं विकत घ्यावं लागणार.

दुसरी गोष्ट तारखेची. "30 जून" म्हणजे माल आमच्या दारातून निघायचा की त्यांच्या गेटवर पोचायचा? उशिराला दर आठवड्याला अर्धा टक्का कपात असेल, तर ट्रकच्या वाटेतले दिवस कोणाच्या खात्यात, हे आधीच ठरलेलं बरं. शिवाय पहिले पाच नग त्यांनी तपासून मंजूर केल्याशिवाय पुढचं काम सुरू करता येत नाही. त्या मंजुरीला किती दिवस लागतील, याचा पीओत पत्ताच नव्हता.

खरी मेख मात्र ड्रॉइंगच्या नंबरात होती. आमचं कोटेशन रिव्हिजन बी वर होतं, पीओत रिव्हिजन सी. नव्या ड्रॉइंगमध्ये बोअरचा टॉलरन्स कमी केलेला, म्हणजे प्रत्येक नगावर एक काम जास्त, आणि दर जुनाच.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती निखळ आणि बिनशर्त असावी लागते. सरळ "मान्य" लिहिलं, की जुन्या दरात नवं ड्रॉइंगही गळ्यात पडतं. "मान्य, पण दर वाढवा" लिहिलं, तर ती स्वीकृती नसून आपला नवा प्रस्ताव ठरतो. काहीच न लिहिता माल पाठवणं तर सगळ्यात वाईट, कारण कृतीतूनही स्वीकृती होते. म्हणून दादाने लिहिलं:

"आपली पीओ मिळाली, आभार. एकूण 2,400 नग असे आम्ही समजतो. वेळापत्रकात 2,000 आहेत, उरलेल्या 400 ची तारीख कळवावी. तारखा माल आमच्याकडून निघण्याच्या आहेत की आपल्याकडे पोचण्याच्या, आणि नमुना मंजुरीला किती दिवस धरावेत, तेही कळवावे. कोटेशन रिव्हिजन बी चे होते. सी साठी नगामागे 18 रुपये जास्त लागतील. हे मुद्दे ठरून सुधारित पीओ आली की लेखी स्वीकृती पाठवू."

ग्राहक चिडेल ही दादाची धास्ती फोल ठरली. खरेदी विभागातल्या बाईंनी वेळापत्रकाची चूक आपली असल्याचं सांगितलं. 400 नग नोव्हेंबरमध्ये गेले, तारखा माल निघण्याच्या ठरल्या, मंजुरीला दहा दिवस मिळाले. दरात घासाघीस होऊन 18 चे 15 झाले. तेही 2,400 नगांवर 36,000 रुपये होतात. सुधारित पीओ हातात आली तेव्हाच दादाने कास्टिंगची ऑर्डर दिली.