चौदा सह्यांचं एक कार्ड

ऑफिसातल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की वर्गणी निघते. कुणी कुकर सुचवतं, कुणी चादरींचा संच, कुणी सरळ पाकीट. आहेर ठरतो, पण सोबतच्या कार्डावर काय लिहायचं, हे कुणीच ठरवत नाही. शेवटच्या दिवशी कुणीतरी चार ओळी खरडतो आणि बाकीचे त्याखाली सह्या करतात. उर्दू आणि मराठी दोन्ही येतं म्हणून असे मजकूर बरेचदा माझ्याकडे तपासायला येतात. त्यावरून एक गोष्ट लक्षात आली. कुकर लग्नाच्या गडबडीत कपाटात जातो, कार्ड मात्र सासरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं.

एक उदाहरण घेऊ. ते बेतलेलं आहे, पण आपल्या घरातलं वाटेल असं आहे. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ऑफिसात चौदा माणसं आहेत. त्यांत हिंदू, जैन, लिंगायत आणि मुसलमान असे सगळेच आहेत. हिशेब सांभाळणाऱ्या मुलीचा निकाह आहे. सासर मिरजेचं. लग्नानंतर ती रेल्वेने ये-जा करून नोकरी चालू ठेवणार, हे दोन्ही घरांत बोलून ठरलं आहे. तिने दहा दिवसांचीच रजा घेतली आहे. कार्डाचा पहिला खर्डा असा तयार होतो :

“आमच्या ऑफिसची तू शान होतीस. तुझ्याशिवाय ऑफिस सुनं सुनं वाटेल. आता सासरी तरी वेळेवर पोच! अखंड सौभाग्यवती भव. लवकर गोड बातमी दे. – सर्व स्टाफ.”

लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच आहे. पण हेच वाक्य मिरजेत सासूबाईंसमोर वाचलं जाताना कसं ऐकू येईल, ते पाहा. ‘होतीस’ आणि ‘सुनं वाटेल’ म्हटलं की मुलीने नोकरी सोडली, असाच अर्थ निघतो. मोठ्या मुश्किलीने ठरलेल्या गोष्टीला एका क्रियापदाने धक्का बसतो. वेळेवर येण्याचा विनोद ऑफिसात रोज चालत असेल, पण सासरी ती तिची पहिली ओळख ठरते. म्हणून पहिला नियम असा, की जी गोष्ट ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागेल, ती कार्डात नको. नोकरीचं अजून ठरलेलं नसेल, तर ‘ये’ही लिहू नये आणि ‘उणीव भासेल’ही लिहू नये. तो निर्णय त्या घराचा आहे.

‘गोड बातमी’बद्दल तर आपल्याकडे जुनी शिकवण आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात नवऱ्या मुलाला सलोखा लाभो आणि मुलगे होवोत, अशा शब्दांत मुबारकबाद देण्याची रीत होती. हजरत अकील बिन अबी तालिब (रजि.) यांच्या लग्नात लोक तसं म्हणाले, तेव्हा त्यांनी थांबवलं आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवल्याप्रमाणे बरकतीची दुआ द्यायला सांगितलं, असं हदीसमध्ये येतं. मराठीतला ‘अष्टपुत्रा’ हा आशीर्वाद त्या जुन्या रीतीचाच भाऊबंद आहे. मूल होणं न होणं माणसाच्या हातात नसतं. ज्या जोडप्याला पुढे वाट पाहावी लागेल, त्यांच्या कपाटात ते वाक्य वर्षानुवर्षं पडून राहतं.

निकाहनंतर आपण देतो ती दुआ अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत आहे. अल्लाह तुला बरकत देवो, तुझ्यावर बरकत ठेवो आणि तुम्हां दोघांना भलाईत एकत्र राखो, असा तिचा आशय. तिची सुरुवात एकाला उद्देशून होते, पण शेवटी ‘बैनकुमा’ हा शब्द येतो. अरबीत दोघांसाठी वेगळं वचन असतं, तेच हे. म्हणजे दुआ दोघांपाशी येऊन थांबते.

हीच वाट मराठीतली एक मोठी अडचण सोडवते. चौदा जणांत साहेब तिला ‘तू’ म्हणतात, नवे लोक ‘मॅडम, तुम्ही’ म्हणतात, शिपाईमामा ‘बाळ’ म्हणतात. मग कार्डात तू की तुम्ही? मजकूर दोघांना उद्देशून लिहिला की हा प्रश्नच उरत नाही. ‘तुम्हां दोघांना’ हे वडीलधाऱ्याच्या तोंडीही शोभतं आणि धाकट्याच्याही. नवरदेवालाही आपण परके नाही, असं वाटतं.

मराठीची आणखी एक सोय आहे. ‘आमचं ऑफिस’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपलं ऑफिस’ म्हटलं की तो आत येतो. हिंदी-उर्दूतल्या ‘हमारा’मध्ये हा फरक दिसत नाही, म्हणून घरी उर्दू बोलणाऱ्यांच्या हातून तो सहज निसटतो. रजेवर गेलेल्या मुलीसाठी ‘आपलं’ हाच शब्द बरोबर.

आता धर्माचे शब्द. ‘अखंड सौभाग्यवती’ला धार्मिक विधींचा संदर्भ आहे, आणि अरबी दुआ बाकीच्यांना वाचताही येणार नाही. न कळलेल्या मजकुराखाली कुणाची सही घेऊ नये. हिंदू सहकाऱ्याच्या लग्नात आपल्यालाही हाच न्याय हवा असतो. म्हणून मजकूर सर्वांचा ठेवावा आणि खाली प्रत्येकाला एक ओळ मोकळी सोडावी. तिथे कुणी दुआ लिहील, कुणी ‘नांदा सौख्यभरे’. कार्डही साध्या फुलापानांचं घ्यावं. आयत किंवा देवाचं चित्र छापलेलं कार्ड पुढे टाकायचं कुठे, हा पेच घरच्यांना पडतो.

राहिला तो आपलेपणा. गोड विशेषणांनी तो येत नाही. सगळ्यांनी पाहिलेली एकच खरी गोष्ट लिहिली की येतो, मात्र ती तिच्या खाजगी आयुष्यातली नसावी. या मुलीची गोष्ट म्हणजे मार्चअखेरीचा हिशेब. नवा मजकूर असा झाला :

“तुम्हां दोघांना लग्नाच्या मनापासून शुभेच्छा! मार्चअखेरीला चाळीस रुपयांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत हिची वही मिटत नाही, हे आपल्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. संसाराच्या हिशेबात कधी फरक आलाच, तर दोघांनी मिळून शोधा, नक्की सापडेल. तुमच्या घरात बरकत राहो आणि एकमेकांचा आधार राहो. रजा संपली की पेढ्यांसह भेटूच.”

यातला ‘बरकत’ शब्द मूळचा अरबी असला, तरी मराठीत तो सगळ्यांच्या घरचा झाला आहे. शेवटच्या वाक्याने नोकरीचा वाद न काढता नोकरी चालू असल्याचं सांगून टाकलं. कुणाचं हसं झालं नाही, आणि हे कार्ड दुसऱ्या कुणाला देताही येणार नाही. खर्डा बरा झाला की नाही, ते याच खुणेवरून ओळखावं. नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्याला चालत असेल, तर अजून काम बाकी आहे.

शेवटी सह्या. ‘सर्व स्टाफ’ लिहिलं की कुणीच उरत नाही, आणि वळणदार सही सासरी कुणाला वाचता येत नाही. पूर्ण नावं लिहावीत, तीही अकारविल्हे, म्हणजे साहेब वर आणि शिपाईमामा तळाला असं होत नाही. वर्गणी कुणी किती दिली, ते कार्डाला कळता कामा नये. ज्याला देणं जमलं नाही, त्याचंही नाव त्यात हवं.